पैसे आले, साडी मात्र राखली गेली नाही

ऑनलाइन दुकानात पैशांची नोंद आणि मालाची नोंद वेगवेगळी होते. पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून येतो. माल मात्र दुकानाला आपल्या स्टॉकमधून राखावा लागतो. पहिली नोंद झाली आणि दुसरी राहून गेली, की ऑर्डरवर `Paid` दिसते, पण तिच्या नावावर एकही नग नसतो.

समजा, येवल्याची हातमागावरची पैठणी आहे. त्या रंगात एकच. गिऱ्हाइकाने रात्री 9 वाजता ती निवडली आणि प्रणालीने ती 15 मिनिटांसाठी बाजूला ठेवली. यूपीआयचा व्यवहार बँकेत अडकला. 9.15 ला मुदत संपली, साडी पुन्हा विक्रीला आली आणि 9.16 ला दुसऱ्याने घेतली. 9.18 ला पहिला व्यवहार यशस्वी झाल्याचा निरोप आला. तोवर राखायला साडीच उरली नव्हती.

अशी ऑर्डर दिसल्यावर पैसे खरेच आलेत का, हे आधी पाहायचे. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. गेटवेच्या पानावर रक्कम, ऑर्डर क्रमांक आणि यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक जुळवावा. कार्डाच्या व्यवहारात `Authorized` म्हणजे रक्कम फक्त अडवलेली असते. `Captured` दिसले तरच ती घेतली गेली.

मग कपाट उघडून बघावे. कित्येकदा माल जागेवरच असतो, राखण्याची नोंद तेवढी हुकलेली असते. तेव्हा त्या ऑर्डरमधूनच माल पुन्हा राखावा. स्टॉकचा आकडा हाताने एकने कमी करण्याचा मोह टाळावा. रखडलेली नोंद नंतर आपोआप झाली, तर एकच साडी दोनदा वजा होते आणि हिशेब महिनाअखेरीपर्यंत छळतो.

साडी उरलीच नसेल, तर ती 9.16 च्या गिऱ्हाइकाची. तिच्या नावावर राखलेला माल काढून घेऊ नये. पहिल्याला त्याच दिवशी फोन करून दुसरी साडी, नवी विणून होईपर्यंत थांबणे किंवा पूर्ण परतावा, यांतले काय हवे ते विचारावे. ‘पुन्हा ऑर्डर टाका’ असे सांगणे सर्वांत वाईट, कारण त्याचे पैसे दोनदा अडकतात. परतावा गेटवेतून, ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने करावा. दुसऱ्याच नंबरवर पैसे पाठवले आणि गिऱ्हाइकाने बँकेकडेही तक्रार केली, तर दुकानाला दोनदा भुर्दंड बसू शकतो.

रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार, यूपीआयने पैसे कापले गेले पण दुकानाला त्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यावी लागते. उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. इथे मात्र दुकानाला खात्री मिळालेली असते. त्यामुळे बँक आपणहून काही परत करत नाही. `Refund` चे बटण दुकानातल्या कोणीतरी दाबावेच लागते.