स्पॅनिश पाहुणा आणि न्हाणीघरातली चिठ्ठी

म्हसवडला परदेशी पाहुणा ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. चेतना सिन्हा यांनी १९९७ साली इथे माणदेशी महिला बँक सुरू केली. तिचं काम पाहायला, शिकायला दूरदूरचे लोक येतात. त्यातला एखादा स्पेनचा किंवा मेक्सिकोचा पाहुणा आपल्या घरी उतरला आणि त्याला इंग्रजीही बेताचंच येत असलं, तर घरात स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या चार ओळी हव्यातच. मात्र पानभर सूचना लिहून त्याच्या हातात देऊ नयेत, त्या कोणी वाचत नाही. ज्या वस्तूची सूचना, तिच्याशेजारीच छोटी चिठ्ठी डकवावी. चिठ्ठी अर्थात रोमन लिपीत लिहायची. इथे उच्चार कळावा म्हणून शब्द देवनागरीत देतो.

सुरुवात न्हाणीघरापासून करावी, कारण खरा धोका तिथे आहे. आपल्याकडच्या पुष्कळ नळांवर इंग्रजी अक्षरं असतात: ‘एच’ म्हणजे गरम, ‘सी’ म्हणजे थंड. स्पॅनिशमध्ये गरमला ‘कालिएन्ते’ म्हणतात आणि त्याचं पहिलं अक्षर तेच ‘सी’. थंडसाठी तिकडे ‘एफ’ असतो, ‘फ्रीआ’चा. म्हणजे थंड पाण्यासाठी ‘सी’ सोडून दुसरा नळ उघडणारा पाहुणा नेमका कढत पाण्याखाली हात धरतो. नळावरच्या अक्षरांवर कागदी पट्टी चिकटवावी, लाल पट्टीवर ‘कालिएन्ते’ आणि निळीवर ‘फ्रीआ’ लिहावं, की प्रश्न मिटला.

गीझरची चिठ्ठी अशी: ‘एन्सिएन्दा एल कालेन्तादोर वेइन्ते मिनूतोस आन्तेस. आपागेलो आन्तेस दे बान्यार्से.’ म्हणजे, वीस मिनिटं आधी गीझर लावा, अंघोळीआधी बंद करा. हे आदरार्थी रूप आहे, अनोळखी पाहुण्याला तेच शोभतं. पंधरा लिटरच्या, दोन किलोवॉटच्या गीझरला पाणी चांगलं तापायला साधारण तेवढाच वेळ लागतो. बादलीला स्पेनमध्ये ‘कूबो’, मेक्सिकोत ‘कुबेता’ आणि दक्षिण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘बाल्दे’ म्हणतात. पाहुणा कुठला हे आधी विचारून एकच शब्द लिहावा, किंवा सरळ बादलीचं चित्र काढावं. संडासात कागद टाकू नये, हे स्पेनच्या माणसाला सांगावं लागतं. मेक्सिकोच्या माणसाला टोपलीची सवय असते, त्याला फक्त टोपली कुठे आहे ते दाखवायचं.

पाण्याबाबत एकच वाक्य पुरे, पण ते प्रत्येक नळावर हवं: ‘नो बेबेर.’ पिऊ नये. शेजारी बाण काढून फिल्टर किंवा माठ दाखवावा आणि तिथे ‘आग्वा पारा बेबेर’ लिहावं. दात घासायलाही तेच पाणी घ्यायचं, हे वेगळं लिहावं, कारण ते पाहुण्याच्या मनातही येत नाही. पाणी उकळून देत असाल, तर खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या. माणदेशात नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर ती वेळही आकड्यात लिहा. नाहीतर कोरडा नळ उघडाच ठेवून पाहुणा बाहेर जाईल आणि पाणी आलं की अंगणापर्यंत ओहोळ जाईल.

विजेचं एक सांगायला हवं. आपल्याकडे प्लगशेजारी बटण असतं, तिकडे सहसा नसतं. त्यामुळे फोन लावूनही चार्ज होत नाही. बटणावर बाण काढून ‘प्रेसियोने आकी’ (इथे दाबा) लिहावं. स्पेनमध्येही २३० व्होल्टच असतात, तिथल्या पाहुण्याला फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. मेक्सिकोत १२७ व्होल्ट. तिथला केस वाळवण्याचा यंत्रपंखा इथे लावला तर जळतो. फोनच्या चार्जरवर १०० ते २४० असं छापलेलं असलं, की चिंता नाही.

आता जेवण. भाकरीला ‘तोर्तिया’ लिहायचा मोह होतो. मेक्सिकोच्या माणसाला ते चटकन कळतं, स्पेनचा माणूस मात्र बटाटा घातलेल्या ऑम्लेटची वाट पाहत बसतो. ‘पान दे सोर्गो’ लिहा, म्हणजे ज्वारीची भाकरी. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे गहू वर्ज्य असलेल्या पाहुण्याला ती देता येते, फक्त पीठ आणि परात गव्हापासून वेगळी हवी. तिखटाला ‘पिकान्ते’ म्हणावं, ‘कालिएन्ते’ नव्हे. ठेच्याच्या वाटीवर ‘मुय पिकान्ते’.

सगळ्यात महत्त्वाची चिठ्ठी शेंगदाण्याची. आमटीत, भाजीत, चटणीत, उपासाच्या खिचडीत आपण दाण्याचं कूट न विचारता घालतो आणि काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतणारी असते. शेंगदाण्याला स्पेनमध्ये ‘काकाउएते’, मेक्सिकोत ‘काकाउआते’, तर दक्षिण अमेरिकेत ‘मानी’ म्हणतात. इथे एक शब्द निवडू नये, तिन्ही लिहावेत. ही चिठ्ठी ताटाशेजारी ठेवून चालत नाही. पाहुणा येण्याआधीच फोनवरून पाठवा, त्याचं उत्तर येऊ द्या आणि मगच स्वयंपाकाला लागा.