अंथरुणात स्क्रीन स्वतःहून का बदलते?

स्मार्टफोनच्या स्क्रीनचा उजेड आणि तिची उभी-आडवी दिशा हे दोन्ही निर्णय दोन लहान सेन्सरांच्या मापांवर घेतले जातात. पहिला फोनवर पडणारा प्रकाश मोजतो, दुसरा गुरुत्वाकर्षणाची दिशा. वाचणाऱ्याचे डोळे कुठे आहेत, हे यांपैकी एकालाही ठाऊक नसते. दिवसा माणूस उभा किंवा बसलेला असतो आणि आजूबाजूला भरपूर प्रकाश असतो, त्यामुळे फोनचे अंदाज सहसा बरोबर ठरतात. रात्री अंथरुणात मात्र दोन्ही गोष्टी उलटतात.

प्रकाशाचा सेन्सर बहुतेक फोनांत वरच्या कडेला, बोलण्याच्या स्पीकरजवळ असतो. काही फोनांत तो स्क्रीनच्या काचेखाली दडवलेला असतो. पडणारा प्रकाश तो लक्स या एककात मोजतो. भर उन्हात हा आकडा एक लाखाच्या आसपास जातो, चांगल्या उजेडाच्या कार्यालयात ३०० ते ५०० असतो, आणि उशाशी मंद दिवा असलेल्या खोलीत जेमतेम पाच-दहा. मानवी डोळा प्रकाशातला फरक बेरजेने नव्हे, तर पटीने जाणतो, म्हणून फोनचे सॉफ्टवेअरही पटीनेच विचार करते. रात्रीच्या तक्रारींचे मूळ इथे आहे. कार्यालयात ५०० लक्समध्ये १५ लक्सची भर पडली, तर बदल तीन टक्क्यांचा होतो आणि फोन त्याची दखलही घेत नाही. उशाशी पाच लक्स असताना फोन थोडा दिव्याकडे कलला आणि तेवढीच १५ लक्सची भर पडली, तर प्रकाश थेट चौपट झालेला असतो.

प्रत्येक किरकोळ बदलामागे स्क्रीन धावू नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये लगाम ठेवलेले असतात. अँड्रॉइडच्या खुल्या कोडमधील मूळ मूल्यांनुसार, उजेड वाढवण्यासाठी प्रकाश किमान १० टक्क्यांनी वाढून सुमारे ४ सेकंद टिकावा लागतो. उजेड कमी करण्यासाठी घट २० टक्क्यांची असावी लागते आणि ती ८ सेकंद टिकावी लागते. फोन बनवणाऱ्या कंपन्या ही मूल्ये आपापल्या परीने बदलतात, पण तत्त्व तेच राहते. म्हणूनच कूस बदलल्यावर स्क्रीन लगेच बदलत नाही. वाचक पुन्हा मजकुरात रमतो आणि मग ती हळूच मंद होते. कारण आणि परिणाम यांच्यात एवढे अंतर पडते, की फोन विनाकारण वागतो असे वाटू लागते.

आता दिशेचा प्रश्न. फोनमधला प्रवेगमापक तीन अक्षांवर गुरुत्वाकर्षणाचा ओढा मोजतो आणि त्यावरून ‘खाली’ कुठे आहे ते ठरवतो. वाचक डाव्या कुशीवर झोपला आणि त्याने फोन चेहऱ्याला समांतर धरला, तर फोनची लांब बाजू जमिनीला समांतर होते. फोनच्या हिशेबी तो आता आडवा धरलेला आहे, म्हणून मजकूरही फिरतो. खोलीच्या दृष्टीने तो सरळ असतो, पण कुशीवर असलेल्या डोळ्यांना काटकोनात दिसतो. गणित चोख असते, फक्त ते भलत्याच गोष्टीचे असते.

इथेही लगाम आहेच. अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये उभ्या आणि आडव्या स्थितींच्या मध्ये ४५ अंशांचा पट्टा मोकळा सोडलेला आहे. परिणामी उभी स्क्रीन आडवी होण्यासाठी फोन साधारण ६७ अंशांहून जास्त कलावा लागतो, आणि एकदा आडवी झालेली स्क्रीन तो २२ अंशांच्या आत आल्याशिवाय उभी होत नाही. उशीला टेकून अर्धवट पहुडलेल्या वाचकाचा फोन ६० अंशांवर बराच वेळ शांत राहतो. उशी घसरून फोन ७० अंशांवर गेला, की पान फिरते. मग वाचक हात पुन्हा ६० अंशांवर आणतो, पण पान परत फिरत नाही, कारण तेवढे पुरेसे नसते. फोन बिघडला असा समज बहुधा याच क्षणी होतो.

या कोडमध्ये पाठीवर झोपून फोन डोक्यावर धरणाऱ्याचाही विचार केलेला आहे. स्क्रीन खाली तोंड करून ४० अंशांहून जास्त कलली, की फोन अंथरुणात वाचन चालले आहे असे मानतो आणि तो कल १५ अंशांच्या आत येईपर्यंत दिशा गोठवून ठेवतो. कुशीवर झोपणाऱ्याला ही सवलत नाही. ती देताही येत नाही, कारण कुशीवरचा वाचक आणि बसून आडव्या फोनवर व्हिडिओ पाहणारा माणूस गुरुत्वाकर्षणाच्या मापात हुबेहूब सारखे दिसतात. हा पेच सोडवण्यासाठी अँड्रॉइड १२ पासून काही पिक्सेल फोनांत पुढच्या कॅमेऱ्याने चेहऱ्याची दिशा पाहण्याची सोय आली. पण कॅमेऱ्यालाही उजेड लागतो, त्यामुळे पूर्ण अंधारात तिच्यावर विसंबता येत नाही.

दोन्ही तक्रारी एकमेकींत गुंततातही. पान आडवे झाले, की वाचक फोन दोन्ही टोकांना धरतो आणि एक अंगठा नेमका वरच्या कडेवर, म्हणजे प्रकाशाच्या सेन्सरवर येतो. काही सेकंदांत स्क्रीन मंदावते. वाचक वैतागून ब्राइटनेसची पट्टी पुढे ओढतो. अँड्रॉइड ९ पासूनची ‘Adaptive brightness’ अशा ओढण्यातून शिकते, आणि इथे ती चुकीचा धडा घेते: जवळजवळ शून्य प्रकाशातही या माणसाला झगझगीत स्क्रीन लागते. पुढच्या रात्री दिवा मालवताच फोन डोळे दिपवतो. यावर उपाय धीराचा आहे. सेन्सर मोकळा ठेवून, रोजच्या वाचनाच्या उजेडात पट्टी हवी तिथे आणावी. असे काही रात्री केले, की धडा दुरुस्त होतो.

मात्र प्रत्येक बदलामागे सेन्सर नसतो, आणि कारण ओळखण्याची सोपी खूण ब्राइटनेसच्या पट्टीतच आहे. स्क्रीन मंदावताना पट्टीही मागे सरकली असेल, तर ते स्वयंचलित ब्राइटनेसचे काम. पट्टी जागच्या जागी असेल, तर कारण बहुधा वेगळे असते: चार्जिंगला लावलेला फोन पांघरुणात तापला असेल, किंवा वाचनाच्या ॲपने स्वतःपुरता निराळा उजेड ठरवला असेल. ॲप बंद करताच उजेडाची उडी दिसली, तर दोष ॲपच्या सेटिंगचा. फेस आयडी असलेल्या आयफोनवर ‘Attention Aware Features’ चालू असतील, तर नजर स्क्रीनवर आहे की नाही हे पाहूनही ती मंद केली जाते.

दिशेसाठी कुलूप हाच खरा इलाज आहे. आयफोनमध्ये कंट्रोल सेंटरमधले ‘Portrait Orientation Lock’ स्क्रीन उभी रोखून धरते. अँड्रॉइडवर आधी पान उभे करून मग ‘Auto-rotate’ बंद करावे. अँड्रॉइड ९ आणि पुढच्या आवृत्त्यांत कुलूप लावल्यावरही फोन फिरवला, की कोपऱ्यात एक छोटे बटण क्षणभर उगवते आणि ते दाबले तरच पान फिरते. सेन्सरने सुचवावे आणि माणसाने ठरवावे, ही विभागणी अंथरुणातल्या वाचनाला सर्वांत सोयीची.

उजेडासाठी स्वयंचलित व्यवस्था रात्रीपुरती बंद करून पट्टी हाताने लावता येते. आयफोनमध्ये तो पर्याय ब्राइटनेसच्या पानावर नसून ‘Accessibility’ मध्ये ‘Display & Text Size’ खाली आहे, आणि तिथे तो कुणी शोधत नाही. पट्टी अगदी तळाला नेऊनही स्क्रीन बोचत असेल, तर अँड्रॉइड १२ पासूनचे ‘Extra dim’ किंवा आयफोनचे ‘Reduce White Point’ वापरावे. ती मोजलेल्या प्रकाशानुसार बदलत नाहीत, त्यामुळे दिवा मालवला तरी त्यांचा परिणाम तसाच राहतो. सकाळी ती बंद करायची राहिली, तर उन्हात स्क्रीनवरचे वाचणे अवघड जाते.