नव्वद मीटरवरचे बारा व्होल्ट

सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो. वॉचमनची खुर्ची, भाजीवाल्याची गाडी, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या नंबरप्लेट, सगळे स्वच्छ दिसते. संध्याकाळी सातच्या सुमारास अंधार पडतो, कॅमेऱ्यातून 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि पडद्यावरचा तो चौकोन काळा होतो. अर्ध्या मिनिटाने चित्र येते, पुन्हा जाते. रात्रभर हाच खेळ चालतो. सकाळी उजाडले की सारे आलबेल! कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव होतो की कॅमेरा खराब आहे, बदला. नवा कॅमेरा बसतो आणि संध्याकाळी सातला तोही तसाच वागू लागतो.

दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतोच. तो असतो ऑफिसातल्या पेटीपासून गेटपर्यंत गेलेल्या तारेत. आपल्याकडच्या बहुसंख्य जुन्या बसवण्यांमध्ये डीव्हीआरशेजारी एक एसएमपीएस असतो. तो 230 व्होल्ट घेऊन 12 व्होल्ट डीसी देतो आणि तिथून प्रत्येक कॅमेऱ्याकडे 'थ्री प्लस वन' केबल जाते. तिच्यात चित्रासाठी एक कोॲक्स आणि सोबत वीजपुरवठ्यासाठी तीन बारीक तारा असतात. बाजारात तिचे बंडल नव्वद मीटरचे मिळते. गेट जेमतेम तेवढ्याच अंतरावर असले की बसवणारा खूश होतो, कारण एका बंडलात, जोड न देता, काम उरकते. गेटवरच्या कॅमेऱ्याचे दुखणे तिथेच सुरू होते.

अंधार पडताच नेमके काय होते ते आधी पाहू. तो 'टक्' आवाज लेन्समागची इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरकल्याचा असतो. त्याच क्षणी लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड एलईडी पेटतात. दिवसा अडीच वॅटच्या आतबाहेर वीज खाणारा कॅमेरा आता सहा वॅटच्या घरात जातो. एसएमपीएसच्या दृष्टीने साडेतीन वॅटचा फरक किरकोळ आहे. लांब आणि बारीक तारेला तो झेपत नाही.

आपल्या गेटचा हिशेब मांडू. पुरवठ्याची तार तांब्याची, 0.5 चौरस मिलिमीटरची धरू. स्वस्त केबलमध्ये ती यापेक्षाही बारीक निघते. नव्वद मीटर जाणे आणि नव्वद मीटर परत येणे, म्हणजे एकूण 180 मीटर. परतीची तार हिशेबात धरायला भलेभले विसरतात. एवढ्या तारेचा रोध साधारण 6.2 ओहम भरतो. दिवसा, 2.4 वॅटच्या लोडवर, तारेत दीड व्होल्टच्या आत गळतात आणि कॅमेऱ्याला 10.6 व्होल्ट मिळतात. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात बहुधा '12 व्होल्ट, अधिक-उणे 10 टक्के' असे छापलेले असते, म्हणजे किमान 10.8 व्होल्ट. दिवसाच तो मर्यादेच्या किंचित खाली आहे, पण चालून जाते. कुणाच्या लक्षातही येत नाही.

रात्रीचा हिशेब मात्र जुळतच नाही. कॅमेऱ्याच्या आत विजेचे रूपांतर करणारे सर्किट असते आणि त्याला ठरलेले वॅट हवे असतात. व्होल्ट कमी मिळाले तर ते जास्त करंट ओढून भरपाई करते. करंट वाढला की तारेतली गळती वाढते, गळती वाढली की व्होल्ट आणखी घटतात, आणि घटले की करंट पुन्हा वाढतो. 12 व्होल्टच्या पुरवठ्यातून 6.2 ओहमच्या तारेपलीकडे जास्तीत जास्त 5.8 वॅट पोचू शकतात. गणितानेच घातलेली ही हद्द आहे. कॅमेऱ्याला हवेत सहा. त्यामुळे व्होल्टेज कुठेही स्थिरावत नाही, कोसळते. प्रोसेसर बंद पडतो, त्यासोबत एलईडी विझतात, लोड जातो आणि तारेच्या टोकाला पुन्हा बारा व्होल्ट उभे राहतात. कॅमेरा नव्याने सुरू होतो, अंधार ओळखतो, 'टक्' करतो आणि पुन्हा कोसळतो. डीव्हीआरच्या नोंदवहीत 'व्हिडिओ लॉस'च्या ओळी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत रांगेने दिसल्या, तर कॅमेरा खोलण्याची गरज नाही.

सगळेच कॅमेरे असे बंद-चालू होत नाहीत. काही नुसते मंद होतात, आणि ती तक्रार अधिक फसवी आहे. हा फरक एलईडीच्या पट्टीवरून पडतो. चांगल्या पट्टीत करंट कायम राखणारे सर्किट असते. ते शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण उजेड देते, आणि मग सारा कॅमेरा एकदम बसतो. स्वस्त पट्टीत एलईडींची माळ आणि एक रेझिस्टर, इतकेच असते. अशा माळेत सहा एलईडी आहेत आणि प्रत्येक सुमारे दीड व्होल्ट घेतो, असे समजा. नऊ व्होल्ट तिथेच गेले. बारा व्होल्ट मिळाले तर रेझिस्टरवर तीन उरतात, साडेदहा मिळाले तर दीडच. पुरवठा जेमतेम आठव्या हिश्शाने घटला, पण माळेतला करंट अर्धा झाला आणि उजेडही जवळपास अर्धा. कॅमेरा मात्र वाचतो, कारण उजेडाबरोबर लोडही घटला. मग तीस मीटरपर्यंत दिसायला हवे तिथे वीस-एकवीस मीटरपुढे काळोख असतो आणि चित्रात वाळूसारखे दाणे नाचतात. कमिटीला वाटते, कॅमेरा हलका घेतला. हलका तो असेलही, पण आजचे दुखणे तारेचे आहे.

मंद चित्राची कारणे इतरही असतात, म्हणून चटकन निकाल देऊ नये. कोॲक्स खराब असेल तर चित्र दिवसाही बिघडते. काचेवर धूळ किंवा कोळ्याचे जाळे असेल तर रात्री चित्र काळे न होता पांढुरके, धुरकट दिसते, कारण एलईडीचा उजेड जाळ्यावरूनच परत येतो. दिवसा स्वच्छ, रात्री नुसता अंधूक, आणि त्याच मॉडेलचा ऑफिसजवळचा कॅमेरा व्यवस्थित, अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली की संशय तारेवर घ्यावा.

मापताना सर्वांत मोठी चूक होते ती इथे. तंत्रज्ञ दुपारी येतो, शिडी लावतो, कॅमेऱ्याची डीसी पिन उपसून मल्टीमीटर लावतो. मीटर 12.0 दाखवतो. तो खाली उतरून सांगतो, "काका, सप्लाय बरोबर आहे, कॅमेराच गेलाय." मीटर खोटे बोलत नाही, प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. पिन काढली की करंट नाही, करंट नाही तर गळतीही नाही. तार कितीही बारीक असो, रिकाम्या टोकाला बारा व्होल्ट दिसणारच. मापायचे ते कॅमेरा जोडलेला आणि एलईडी पेटलेले असताना. त्यासाठी रात्रीची वाट पाहावी लागत नाही. लेन्सजवळचा प्रकाश ओळखणारा ठिपका काळ्या टेपने झाकला की भरदुपारी कॅमेरा रात्रीच्या वेषात जातो. ज्या कॅमेऱ्यात तो ठिपका वेगळा नसतो, तिथे लेन्सच झाकावी. दोन तोंडांची पिन लावली तर कॅमेरा चालू ठेवून दुसऱ्या तोंडावर मीटर धरता येतो.

दुसरी चाचणी त्याहून सोपी आहे. संशयित कॅमेरा काढून ऑफिसात आणायचा, एसएमपीएसला हातभर तारेने जोडायचा आणि दिवे मालवायचे. तिथे तो तासभर न बिघडता चालला, तर तो निर्दोष सुटला. मग गेटकडची दोन्ही टोके एकमेकांना पिळून आणि ऑफिसकडची टोके एसएमपीएसपासून सोडवून तारेचा ओहममध्ये रोध मोजावा. आपल्या हिशेबातले 6.2 असतील तर दोष लांबीचा. मीटरने नऊ-दहा दाखवले, तर तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते, जिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपट किंवा थोडा अधिक भरतो. नाहीतर मध्ये कुठे पिळून टेप गुंडाळलेला जोड पावसाने गंजलेला असतो. गंजलेला जोड हलवला की आकडा नाचतो. अखंड तारेचा आकडा स्थिर राहतो.

आता उपाय. पहिला हात जातो एसएमपीएसवरच्या छोट्या स्क्रूकडे. तो फिरवून 12 चे साडेतेरा करता येतात, पण आपल्या गेटवर त्याने साडेनऊच्या थोडे वर मिळतात, म्हणजे गरजेपेक्षा अजून एक व्होल्ट कमीच. शिवाय त्याच एसएमपीएसवर टांगलेल्या जवळच्या कॅमेऱ्यांना पूर्ण साडेतेरा जातात, ते वेगळेच. दुसरी युक्ती अनुभवी लोकांची: थ्री प्लस वनमधली तिसरी, रिकामी तार निगेटिव्हला दोन्हीकडून जोडायची. रोध 4.7 ओहमच्या आसपास येतो आणि कॅमेऱ्याला पावणेनऊच्या थोडे वर मिळतात. कॅमेरा कदाचित तग धरेल, पण कशाबशा अवस्थेत. ही मलमपट्टी झाली.

जाड तार हा खरा उपाय आहे. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली, तर सहा वॅटवरही गेटला 11.3 व्होल्टच्या आसपास मिळतात. तांब्याचा भाव पाहता कमिटी कुरकुरणार. गेटजवळ 230 व्होल्टचा पॉइंट असेल, तर तिथेच पाणी न शिरणाऱ्या पेटीत ॲडॉप्टर बसवणे सर्वांत स्वस्त. त्यात एक मेख आहे: ऑफिसातला यूपीएस त्या पॉइंटला पोचत नाही, आणि वीज गेली की नेमका गेटचा कॅमेरा आंधळा होतो.

माझे मत तिसऱ्या उपायाकडे झुकते. व्होल्टेज वाढवून पाठवावे आणि टोकाला उतरवून घ्यावे. ऑफिसात 24 व्होल्टचा पुरवठा ठेवून गेटवर 12 करणारा छोटा कन्व्हर्टर लावला, तर त्याची स्वतःची खपत धरूनही त्याच बारीक तारेच्या टोकाला 22 व्होल्ट पोचतात. तेवढ्याच वॅटसाठी निम्म्याहून कमी करंट लागतो, आणि तारेतला वॅटचा नाश करंटच्या वर्गाने घटतो. मुंबईच्या लोकलने हाच प्रवास मोठ्या मापात केला आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी 1500 व्होल्ट डीसीवर होती, आणि त्या व्होल्टेजला सबस्टेशने जवळजवळ ठेवावी लागत. आज त्याच मार्गांवर 25,000 व्होल्ट एसी आहे.

आयपी कॅमेऱ्यांना हा त्रास कमी का, याचेही उत्तर इथेच आहे. 2003 च्या पीओई मानकात स्विच 44 ते 57 व्होल्ट पाठवतो. शंभर मीटरनंतर 37 व्होल्ट उरले तरी कॅमेरा चालावा, अशी त्यात तरतूद आहे. पण बाजारात 'पीओई' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त जोड्या नेटवर्क केबलच्या रिकाम्या तारांतून नुसते 12 व्होल्टच ढकलतात. त्या तारा अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे आपल्या हिशेबातल्या तारेहूनही बारीक. नाव नवे, दुखणे जुने.

पुढच्या वेळी कोटेशन घेताना मेगापिक्सेलच्या खाली तीन ओळी लिहून मागा: पुरवठ्याची तार किती चौरस मिलिमीटरची, ती शुद्ध तांब्याची की मुलाम्याची, आणि एलईडी पेटलेले असताना सर्वांत लांबच्या कॅमेऱ्यावर किती व्होल्ट भरतील. तिसऱ्या ओळीचा आकडा काम झाल्यावर मीटर लावून दाखवेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.