चाळीस रुग्णांचा अभ्यास डॉक्टरांना काय सांगू शकतो?

नैराश्यावर समुपदेशनाने कितपत गुण येतो, हे गोव्यात मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या 495 रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे, पण थोडे सुधारलेले उपचार मिळाले. दुसऱ्याला त्यांच्या जोडीने ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ मिळाला. यात डॉक्टर नसलेला, पण प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक सहा ते आठ भेटींत रुग्णाला हळूहळू कामाकडे आणि माणसांकडे परत आणतो. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. तीन महिन्यांनी बेक मापनपट्टीवर समुपदेशन गटाचे गुण सरासरी 7.57 ने कमी, म्हणजे तेवढे चांगले होते. अनिश्चिततेची मर्यादा 4.86 ते 10.27 होती.

आता हाच कार्यक्रम नवी मुंबईतल्या पावणे औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांसाठी करून पाहायचा आहे, असं समजू. हे उदाहरण कल्पित आहे, पण असे अभ्यास साधारण एवढेच छोटे असतात. 40 रुग्ण, प्रत्येक गटात 20. निकाल असा, की समुपदेशन गटाचे गुण सरासरी 5 ने कमी. मात्र गुणांमधला फरक रुग्णागणिक मोठा असल्याने (प्रमाण विचलन 14) मर्यादा फार रुंद आहे. ती 3.7 गुणांच्या तोट्यापासून 13.7 गुणांच्या फायद्यापर्यंत जाते. पी-मूल्य 0.26.

गैरसमज 1 : पी-मूल्य 0.05 च्या वर गेलं, म्हणजे उपचार निरुपयोगी ठरला.

वस्तुस्थिती : उपचाराचा काहीच परिणाम नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता, एवढंच पी-मूल्य सांगतं. इथे ते शंभरात 26 वेळा आहे. डॉक्टरांचा प्रश्न वेगळा असतो. ‘ही आकडेवारी पाहिल्यावर उपचार उपयोगी असण्याची शक्यता किती?’ या प्रश्नाला सरळ उत्तर बेझियन पद्धत देते. त्यासाठी अभ्यासाआधी उपचाराविषयी काय माहीत होतं, ते आकड्यांत मांडावं लागतं. या पूर्वअंदाजाला प्रायर म्हणतात. प्रायर आणि नवी आकडेवारी एकत्र केली, की अंतिम अंदाज मिळतो.

गैरसमज 2 : प्रायर म्हणजे संशोधकाची मर्जी. हवं ते उत्तर काढता येतं.

वस्तुस्थिती : प्रायर कुठून आला आणि त्याचं वजन किती, हे दोन्ही मोजून सांगता येतं. वजन मोजण्याची सोपी रीत म्हणजे ‘हा प्रायर किती रुग्णांच्या माहितीएवढा आहे?’ असं विचारणं.

गोव्याचा निष्कर्ष जसाच्या तसा घेतला, तर तो आपल्या हिशेबात सुमारे 410 रुग्णांएवढा भरतो. मग पावण्यातले 40 रुग्ण काहीही सांगोत, उत्तर गोव्याचंच येणार. नवा अभ्यास करण्यात अर्थच उरणार नाही. शिवाय दोन्हीकडचे रुग्ण सारखे नाहीत. गोव्यात तीव्र स्वरूपाच्या नैराश्याचे, आरोग्य केंद्रात आलेले रुग्ण होते आणि त्यांत स्त्रिया जास्त होत्या. पावण्यात पाळ्यांमध्ये काम करणारे कामगार आहेत. रात्रपाळीच्या माणसाला ठरलेल्या भेटी पाळणंही अवघड जातं.

म्हणून गोव्याचा पुरावा घ्यायचा, पण सैल करून. अंदाज 7.5 च्या आसपासच ठेवायचा, पण त्याची अनिश्चितता 1.4 गुणांवरून 4.2 पर्यंत वाढवायची. आता त्याचं वजन 44 रुग्णांएवढं उरतं, जवळपास नव्या अभ्यासाइतकंच. हिशेब भारित सरासरीचा आहे. 44 रुग्णांचे 7.5 आणि 40 रुग्णांचे 5 मिळून अंतिम अंदाज 6.3 गुणांचा येतो.

हे सगळं पहिला रुग्ण येण्याआधी लिहून ठेवायचं असतं. आकडे पाहून निवडलेल्या प्रायरवर कोणी विश्वास ठेवू नये. आणखी एक तपासणीही आधीच करता येते. हा प्रायर खरा असेल, तर 40 जणांच्या अभ्यासात साधारण कोणता निकाल दिसायला हवा? उत्तर येतं, 4.5 गुणांच्या तोट्यापासून 19.5 गुणांच्या फायद्यापर्यंत. निकाल याच्या बाहेर पडला, तर गोवा आणि पावणे यांची सरासरी काढणं चूक ठरतं. दोन्ही ठिकाणं वेगळी का वागली, ते शोधावं लागतं. आपले 5 गुण या पल्ल्यात नीट बसतात.

गैरसमज 3 : काहीच गृहीत न धरणारा, सपाट प्रायर सगळ्यांत निःपक्ष.

वस्तुस्थिती : सपाट प्रायरही काहीतरी गृहीत धरतोच. 4 गुणांचा फरक आणि 40 गुणांचा फरक त्याच्या लेखी सारखेच शक्य असतात. बेक मापनपट्टी एकूण 63 गुणांची आहे आणि कोणताही समुपदेशन कार्यक्रम सरासरी 40 गुणांचा फरक पाडत नाही. छोट्या अभ्यासात अशा मोकळीकीचा तोटा होतो. योगायोगाने मोठा दिसलेला फरक जसाच्या तसा खरा मानला जातो.

म्हणून गोव्याच्या आशावादी प्रायरसोबत एक साशंक प्रायरही लावायचा. त्याचा मध्य शून्यावर, अनिश्चितता 5 गुणांची आणि वजन 31 रुग्णांएवढं. तो म्हणतो, ‘फायदा असेल, पण 10 गुणांहून मोठा फरक क्वचितच शक्य.’ त्याच आकडेवारीवर त्याचा अंतिम अंदाज 2.8 गुणांचा येतो.

गैरसमज 4 : ‘98 टक्के शक्यता’ म्हणजे 98 टक्के रुग्ण बरे होतात.

वस्तुस्थिती : ही टक्केवारी आपल्या खात्रीची आहे, रुग्णांची नाही. सरासरी फायदा शून्याहून जास्त असण्याची शक्यता साशंक प्रायरने 80 टक्के येते, सपाट प्रायरने 87 आणि गोव्याच्या प्रायरने 98. पण शून्याहून जास्त म्हणजे अर्धा गुणही चालतो आणि अर्ध्या गुणाने रुग्णाला काही फरक जाणवत नाही. म्हणून किती फायदा उपयोगी मानायचा, हे आधीच ठरवावं लागतं. तो किमान 3 गुण धरला, तर शक्यता अनुक्रमे 48, 67 आणि 86 टक्क्यांवर येतात.

अहवालात मग असं लिहावं : ‘कार्यक्रमाचा काही ना काही फायदा असण्याची शक्यता साशंक नजरेनेही 80 टक्के आहे. रुग्णाला जाणवेल एवढा फायदा आहे का, याचं उत्तर मात्र गोव्याचा अनुभव इथे किती लागू पडतो यावर अवलंबून आहे. साशंक डॉक्टरला तो छापा-काट्याइतका अनिश्चित वाटेल, गोव्यावर विश्वास ठेवणाऱ्याला बराच शक्य.’ ‘सिद्ध झालं’ किंवा ‘परिणाम नाही’ हे दोन्ही शब्द इथे वापरू नयेत. सोबत रुग्णसंख्येत सांगता आलं, तर आणखी बरं. गोव्यात तीन महिन्यांनी नैराश्य ओसरलेल्यांचं प्रमाण 39 वरून 64 टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे चार जणांना समुपदेशन दिलं की एक जण जास्तीचा सावरला.

तीन प्रायर तीन उत्तरं देतात, हा या पद्धतीचा दोष नव्हे. 40 रुग्णांनी प्रश्नाचा कोणता भाग सुटला आणि कोणता सुटला नाही, हे त्यातून दिसतं. 80 टक्के पुरेसे आहेत का, हे उपचार पाहून ठरतं. आठवड्याला एक भेट आणि जवळपास नगण्य धोका असलेलं समुपदेशन सुरू करायला ते पुरू शकतात. रक्ततपासण्या कराव्या लागणाऱ्या, वजन वाढवणाऱ्या औषधासाठी तेच 80 टक्के अपुरे ठरतील. तो उंबरठा किती असावा, हे संख्याशास्त्रज्ञाने नव्हे, तर डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून अभ्यासाआधीच ठरवायला हवं.