शिक्षकांच्या श्रद्धांजलीची चित्रफीत : संहिता कशी घडते

दिवंगत शिक्षकांच्या शोकसभेत किंवा पहिल्या पुण्यस्मरणाला दाखवायची चित्रफीत साधारण पाच मिनिटांची असावी. त्याहून लांबली की सभागृहात चुळबुळ सुरू होते. पाच मिनिटे म्हणजे तीनशे सेकंद. माजी विद्यार्थ्यांची प्रत्येकी अर्ध्या मिनिटाची तीन मनोगते घेतली, सुरुवातीला आणि शेवटी मिळून वीस सेकंद शांततेला ठेवले, तर एकशे नव्वद सेकंद उरतात. त्यातले चाळीस सेकंद वाक्यांमधल्या विरामांत जातात. श्रद्धांजलीचे निवेदन संथ असते, मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास. त्यामुळे लिहायला मिळतात ते जेमतेम अडीचशे शब्द. हा हिशेब आधी मांडला नाही, तर हजार शब्दांची संहिता तयार होते आणि ती बसवण्यासाठी निवेदक घाईने वाचू लागतो. मग कितीही चांगला मजकूर असला तरी गांभीर्य टिकत नाही.

अडीचशे शब्दांत माणूस उभा करायचा, तर विशेषणे परवडत नाहीत. ‘ज्ञानाचा महासागर’, ‘आदर्श व्यक्तिमत्त्व’, ‘पिढ्या घडवणारे शिल्पकार’ हे शब्द प्रत्येक शोकसभेत ऐकू येतात, म्हणून ते कोणाचेच राहत नाहीत. वाक्याची पारख करायला एक सोपी रीत आहे. त्यात दुसऱ्या शिक्षकांचे नाव घालून पाहावे. वाक्य तरीही जसेच्या तसे लागू पडत असेल, तर ते काढून टाकावे.

अशा पारखीला उतरणारी वाक्ये मिळतात ती आठवणींतून, आणि आठवणी प्रश्नावर अवलंबून असतात. ‘सर कसे होते?’ असे विचारले की ‘फार प्रेमळ होते’ एवढेच उत्तर येते. ‘सर वर्गात आल्यावर आधी काय करायचे?’, ‘उत्तर चुकले तर काय म्हणायचे?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. समजा, तालुक्याच्या गावात गणित शिकवणाऱ्या एका सरांवर चित्रफीत करायची आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी तिघांना वेगवेगळे विचारल्यावर तिघांनीही एकच सवय सांगितली. अशी सवय हाती आली की संहितेला कणा मिळतो. निवेदनाची सुरुवात मग जन्मगावापासून न करता अशी करता येते :

‘सर फळ्यावरचे गणित कधीच पूर्ण सोडवत नसत. शेवटची ओळ मोकळी ठेवत आणि खडू मागच्या बाकाकडे नेऊन देत. ज्याच्या हाती खडू येई, त्याला उत्तर आले नाही तरी सर शेजारी उभे राहत.’

या तीन वाक्यांत सरांचा मायाळूपणा आला, पण तो शब्द उच्चारावा लागला नाही. जन्म, शिक्षण, शाळा, निवृत्तीचे वर्ष हा तपशील छायाचित्रांखाली अक्षरांत द्यावा. निवेदनात तो घेतला की संहितेला अर्जाचे रूप येते.

संहिता दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे पडद्यावर काय दिसेल ते आणि उजवीकडे काय ऐकू येईल ते. दोन्ही रकाने एकच गोष्ट सांगू लागले तर एक वाया जातो. निवेदनात खडू असेल, तेव्हा पडद्यावर फळा नको. तिथे सरांच्या हस्ताक्षरातली टाचणवही किंवा त्यांनी तपासलेली जुनी उत्तरपत्रिका जास्त बोलते. प्रत्येक छायाचित्र सहा सेकंद ठेवले तर मनोगते आणि शांतता वगळता तीसएक छायाचित्रे पुरतात. दोनशे जमली असली तरी निवड करावीच लागते. आजारपणातली, रुग्णालयातली छायाचित्रे घेऊ नयेत. माणूस काम करताना ओळखीचा होता तसाच दिसावा.

संगीत निवेदनाच्या खाली राहावे. तानपुरा किंवा संथ बासरी पुरते. शब्द असलेले गाणे निवेदनाशी भांडते, आणि चित्रपटातल्या दुःखी गाण्याने सभेला रडू येते ते त्या चित्रपटाच्या आठवणीने. मृत्यूचा उल्लेख एकाच साध्या वाक्यात करावा : अमुक तारखेला सरांचे निधन झाले. ‘काळाने घाला घातला’ अशा शब्दांची तिथे गरज नसते. त्या वाक्यानंतर पाच सेकंद कोणीच बोलू नये. संहितेत हा विराम लिहून ठेवावा लागतो, नाहीतर संकलन करणारा ती जागा संगीताने भरून टाकतो.

मसुदा झाला की घड्याळ लावून मोठ्याने वाचावा, कारण अडखळणारे वाक्य डोळ्यांना सापडत नाही. तारखा आणि शाळांची नावे सेवापुस्तिकेवरून पडताळावीत. आठवणीतली वर्षे हमखास मागेपुढे होतात. शेवटी ध्वनिमुद्रणाच्या आधी संहिता कुटुंबीयांना वाचून दाखवावी. एखादा प्रसंग विद्यार्थ्यांना गमतीचा वाटतो आणि घरच्यांना बोचतो. त्यांनी नको म्हटलेले वाक्य वाद न घालता वगळावे.