दार बंद, पण पाटी लावलेली

माझी भाची चाकणच्या एका कारखान्यात हिशेबाच्या विभागात काम करते. मागच्या वर्षी एका रविवारी ती घरी आली ती तोंड पाडूनच. चहाचा कप हातात दिला तेव्हा म्हणाली, "खाला, मी फक्त दीड तास मागितला होता. आता ऑफिसात म्हणतात, मॅडम जागेवर असून भेटत नाहीत."

मी स्वतः एका कंपनीत व्यवस्थापनाचे काम करते. चार साहेबांची कॅलेंडरे माझ्याकडे असतात. कुणाची वेळ कुठे रिकामी आहे हे शोधून बैठक लावायची, हे माझे रोजचे काम. त्यामुळे तिची अडचण मला दोन्ही बाजूंनी ठाऊक होती. आजकाल आपल्या घरांतल्या कितीतरी मुली-सुना अशा ऑफिसांत आहेत, काही घरी बसून काम करतात. म्हणून तिची हकीकत इथे सविस्तर लिहिते.

तिचे काम आधी समजून घ्या. कारखान्याला माल पुरवणारे व्यापारी आपली विक्रीची बिले दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीच्या पोर्टलवर भरतात. त्यावरून १४ तारखेला खरेदीदारासाठी एक यादी तयार होते, तिला जीएसटीआर-२बी म्हणतात. २० तारखेपर्यंत कारखान्याला आपले ३बी विवरणपत्र भरून कर चुकता करायचा असतो. मधल्या सहा दिवसांत भाचीला आपल्या खरेदीच्या वहीतले एकेक बिल त्या यादीशी ताडून पाहावे लागते. जे बिल यादीत नाही, त्यावर भरलेल्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही. मग व्यापाऱ्याला फोन करून विचारायचे की बिल भरले का, नंबर चुकला का. हे काम मध्येच तुटले की कुठवर आलो होतो ते पुन्हा शोधावे लागते, आणि एखादे बिल निसटते.

म्हणून तिने कंपनीच्या गूगल कॅलेंडरवर Focus time नावाची नोंद टाकली, रोज सकाळी १० ते ११:३०. कंपनीच्या खात्यांवर ही सोय बहुधा असते. त्यात एक खूण असते, त्या वेळेत येणारी बैठकीची निमंत्रणे आपोआप नाकारण्याची. ती खूण तिने तशीच राहू दिली. तिसऱ्याच दिवशी विक्री विभागाच्या साहेबांनी साडेदहाला बैठक लावली आणि क्षणात त्यांना यंत्राकडून नकार गेला. साहेबांनी मान वर करून पाहिले तर भाची समोरच्या टेबलावर बसलेली. गैरसमज तिथूनच सुरू झाला.

मी तिला विचारले, "तुझी नोंद बाकीच्यांना कशी दिसते, हे कधी पाहिलंस?"

"कशी म्हणजे? माझ्याकडे दिसते तशीच."

तसे नसते. अनेक कंपन्यांत कॅलेंडर असे वाटलेले असते की दुसऱ्याला फक्त वेळ भरलेली आहे की रिकामी, एवढेच कळते. नोंदीचे नाव दिसत नाही, नुसते Busy दिसते. मी रोज अशा पट्ट्या पाहते. त्या पट्टीवरून बाई कामात आहे, रजेवर आहे की टाळते आहे, काही कळत नाही. ती कधी मोकळी होईल आणि खोळंबा झाला तर काय करायचे, हेही कळत नाही. माणूस मग आपल्या मनाने अर्थ लावतो.

आपल्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरांचा दवाखाना आठवा. दुपारी दार बंद असते, पण कुणी रागावत नाही. कारण दारावर पाटी असते, संध्याकाळी किती वाजता उघडणार, आणि तातडी असेल तर कुठे बेल वाजवायची. भाचीने दार लावले होते, पाटी लावायची राहिली होती.

आम्ही त्या दिवशी बसून सगळे पुन्हा मांडले. सुरुवात वेळेपासून केली. मागच्या दोन महिन्यांचे मेसेज तिने चाळले आणि कोण कधी विचारायला येते ते कागदावर लिहिले. मालाच्या गाड्या दुपारी ३ नंतर सुटतात, तेव्हा बिलातल्या दुरुस्त्या घेऊन लोक धावत येतात. सकाळी १० ते ११:३० मध्ये विचारणा सर्वांत कमी होती. म्हणजे वेळ तिने बरोबर निवडली होती. चूक ही होती की नोंद महिनाभर रोज टाकली होती. गरज १४ ते १९ तारखेचीच होती. सहा दिवस, रोज दीड तास, म्हणजे महिन्याला फार तर नऊ तास. महिनाभर दिसणारी पट्टी लोक पाहिनाशी होतात, सहा दिवसांची मात्र पाळतात.

मग नोंदीचे नाव बदलले. "Focus time" ऐवजी लिहिले, "जीएसटी बिले जुळवणी, ११:३० ला मोकळी, गाडी अडली तर फोन करा". हे नाव सगळ्यांना दिसावे म्हणून त्या एका नोंदीची दृश्यता Public केली. असे केल्याने बाकीचे कॅलेंडर झाकलेलेच राहते, एवढीच नोंद नावासकट दिसते. सोमवारी तिने शेजारच्या मुलीच्या संगणकावर उघडून खात्रीही करून घेतली. हे जरूर करावे, कारण आपल्या पडद्यावर सगळे नेहमी ठीकच दिसते.

आपोआप नकाराची खूण काढून टाकली. आता निमंत्रण आले की ती स्वतः उत्तर देते. कॅलेंडरमध्ये Propose a new time असा पर्याय असतो, त्यातून ती ११:४५ सुचवते. नकार तोच, पण सोबत दुसरी वेळ असली की माणसाला तो नकार वाटत नाही.

शेवटी, ११:३० ते १२ अशी दुसरी नोंद टाकली, "प्रश्नांची उत्तरे, या आणि बोला". ही Free ठेवली, म्हणजे त्या वेळेत बैठकही लावता येते. माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक याच नोंदीने पडला. थांबायला सांगितलेल्या माणसाला थांबण्याचा शेवट दिसायला हवा.

एवढे झाल्यावर ती थेट सहकाऱ्यांना सांगायला निघाली होती. मी म्हटले, आधी तुझ्या साहेबांना विचार. तिने विचारले. साहेब म्हणाले, "उद्या सगळेच असं म्हणायला लागले तर?"

ती म्हणाली, "सर, महिन्याला नऊ तास आहेत. मागच्या महिन्यात राहून गेलेली बिलं मी तुम्हाला दाखवते. आणि गाडी अडली तर मी लगेच उठते." तिने यादी समोर ठेवली. साहेबांनी दोन महिने करून बघायला सांगितले.

मग १२ तारखेला तिने विभागांच्या गटात हा निरोप टाकला: "१४ ते १९ तारखेपर्यंत रोज १० ते ११:३० मी खरेदीची बिले जुळवते. या वेळेत मेसेज पाठवा, ११:३० नंतर त्याच दिवशी १२ च्या आत उत्तर देईन. गाडी गेटवर उभी असेल आणि बिलात चूक असेल तर वाट पाहू नका, सरळ फोन करा. ही वेळ तुम्हाला अडचणीची असेल तर मला सांगा." त्यात माफी मागितलेली नाही, उपदेशही नाही. तातडी म्हणजे काय, हे मात्र नेमके सांगितले आहे. नुसते "अर्जंट असेल तर" लिहिले असते तर संकोची माणसाने कधीच फोन केला नसता आणि बिनधास्त माणसाने रोज केला असता.

पहिल्या महिन्यात तीन फोन आले. दोन खरोखर गाडीचे होते. तिसरा जुन्या बिलाची प्रत मागणारा होता. ती रागावली नाही, म्हणाली, "दादा, साडेअकराला पाठवते," आणि साडेअकराला पाठवली. शब्द पाळला गेला म्हणून पुढच्या वेळी त्याने मेसेज केला. उत्तराची वेळ आपणच चुकवली, तर लोक दार वाजवणारच.

दुसऱ्या महिन्यात १७ तारखेला खरेदीच्या साहेबांनी साडेदहालाच बैठक लावली. तिने ११:४५ सुचवले, पण बाहेरचे पाहुणे येणार होते, वेळ बदलता येईना. तेव्हा ती बैठकीला गेली आणि आपली नोंद त्या दिवसापुरती ४:३० ते ६ वर नेली. नोंद पुसली नाही, हलवली. पुसली तर लोकांना वाटते, ही वेळ असली काय, नसली काय. हलवली तर काम खरे आहे हे कळते. मात्र एकाच आठवड्यात दोन-तीनदा हलवावी लागली, तर वेळच चुकीची निवडली आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट तिच्या उशिरा लक्षात आली. माल रवाना करणाऱ्या विभागातला एक नवा मुलगा विचारायला येईनासा झाला. तिला वाटले, बरे झाले. पण १८ तारखेला कळले की एका ग्राहकाचा जीएसटी क्रमांक चुकला होता आणि तो दोन दिवस दुरुस्तीसाठी थांबला होता. पट्टी पाहून तो ११:३० नंतरही यायला घाबरत होता. लोक प्रत्येक वाक्य "सॉरी मॅडम"ने सुरू करू लागले, आपले प्रश्न शेजारच्या टेबलावर किंवा थेट साहेबांकडे जाऊ लागले, तर पाटी नीट वाचली जात नाही असे ओळखावे. भाची त्याच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "अरे, साडेअकरानंतर मी तुमच्यासाठीच बसलेली असते." असे काम निरोपाने होत नाही, चालत जावे लागते.

हा उपाय सगळ्यांना लागू पडणार नाही. स्वागतकक्षात, गेटवर, ग्राहकांच्या फोनवर बसणाऱ्यांना दार लावताच येत नाही. त्यांनी सोबतिणीशी पाळी ठरवावी. एक जण दीड तास फोन घेईल, दुसरी हिशेब करील, मग अदलाबदल. कॅलेंडरवर तेव्हा आपल्या वेळेसमोर सोबतिणीचे नाव लिहावे, म्हणजे विचारणाऱ्याला कुठे जायचे ते कळते.

परवा भाचीचा फोन आला. विक्रीच्या त्याच साहेबांनी आपल्या कॅलेंडरवर शुक्रवारचे भाव ठरवण्यासाठी एक तास राखला होता. तिने नोंद उघडून पाहिली. नुसते Busy लिहिलेले होते.

"मग तू काय केलंस?" मी विचारले.

"काही नाही खाला," ती हसत म्हणाली, "जाऊन विचारलं, सर, मोकळे कधी होणार तेवढं लिहाल का?"