रजेचा अर्ज लिहिण्याआधी

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी आता एमआयडीसीतल्या कारखान्यांत कामाला जातात. त्यातलीच एक मैत्रीण आंब्याचा रस काढणाऱ्या कारखान्यात आहे. गेल्या वर्षी तिने सुपरवायझरला तोंडी विचारलं. तो "जा की" म्हणाला, म्हणून ती चार दिवस गावी गेली. परत येऊन पाहते तर चारही दिवस गैरहजेरी लागलेली आणि पगार कापलेला. सुपरवायझर खोटं बोलला नव्हता, पण चार दिवसांची रजा मंजूर करायचा अधिकारच त्याला नव्हता.

यंदा तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्याने 9 जून, मंगळवार ही तारीख दिली. रविवारी, 31 मे रोजी, आम्ही चौघीजणी कारखान्याची नियमांची पुस्तिका घेऊन बसलो. पुस्तिका नसेल तर ऑफिसात मागावी. मोठ्या कारखान्यांत कामाचे नियम दाराजवळच्या फलकावर मराठीतही लावलेले असतात.

पहिल्यांदा आम्ही रजा कोणत्या काळात मिळत नाही ते शोधलं. तिथे लिहिलं होतं, "1 एप्रिल ते 15 जून हंगामात रजा मंजूर होणार नाही." म्हणजे 9 जून गेलाच. पण त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होतं, "स्वतःचा आजार व घरातील मृत्यू वगळून." असा अपवाद नेहमी खाली किंवा मागच्या पानावर असतो, म्हणून पूर्ण वाचायचं. आईचं ऑपरेशन त्यात बसत नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, दोन आठवडे थांबलं तरी चालेल. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बंदी रजेच्या तारखांवर असते, अर्ज देण्यावर नाही. हंगाम चालू असतानाही पुढच्या तारखांचा अर्ज देता येतो. बाळंतपणाची रजा मात्र कायद्याने मिळते, ती हंगामाचं कारण सांगून अडवता येत नाही.

मग पाहिलं, किती दिवस आधी कळवायचं. 1948 च्या कारखाने कायद्यात भरपगारी रजेसाठी निदान पंधरा दिवस आधी लेखी अर्ज सांगितला होता, आणि पुष्कळ पुस्तिकांत तोच आकडा दिसतो. आमच्या पुस्तिकेत "15 कामाचे दिवस" होते. इथेच गफलत होते. समजा रजा सोमवार, 22 जूनपासून हवी आहे. नुसते दिवस मोजले तर 6 जूनला दिलेला अर्ज पुरतो, कारण मध्ये 7 ते 21 असे पंधरा दिवस येतात. पण कामाचे दिवस मोजताना रविवार सोडावे लागतात. मग 4 ते 6 जूनचे तीन, 8 ते 13 चे सहा आणि 15 ते 20 चे सहा मिळून पंधरा होतात. म्हणजे अर्ज 3 जूनपर्यंत पोचायला हवा. मध्ये सणाची सुट्टी आली तर आणखी एक दिवस मागे जायचं. दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजा.

शेवटी सही कोणाची ते पाहिलं. दोन दिवसांपर्यंत सुपरवायझर, त्याहून जास्त असेल तर विभागाचे मॅनेजर, असं होतं. सुपरवायझरने फक्त शिफारस करायची. "शिफारस" आणि "मंजुरी" हे दोन शब्द वेगळे आहेत. गेल्या वर्षी ती तिथेच चुकली होती. तुम्ही ठेकेदाराकडून कामाला असाल तर पगाराच्या चिठ्ठीवर नाव कोणाचं आहे ते बघा. ठेकेदाराचं असेल तर अर्जही सहसा त्याच्याकडेच जातो.

एवढं कळल्यावर अर्ज पाच ओळींत झाला:

"मा. व्यवस्थापक, पॅकिंग विभाग, यांस. सुपरवायझरमार्फत. आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन 23 जून रोजी आहे. 22 ते 25 जून अशी चार दिवसांची भरपगारी रजा मंजूर व्हावी. 26 जून रोजी कामावर हजर होईन. दवाखान्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे."

खाली नाव, हजेरी क्रमांक, तारीख आणि सही. 1 जूनला तिने दोन प्रती नेल्या. एक दिली, दुसरीवर "मिळाला" अशी सही आणि तारीख घेतली. ही सही अर्ज पोचल्याची असते, मंजुरीची नसते. म्हणून आठ दिवसांनी ती पुन्हा ऑफिसात गेली आणि मॅनेजरच्या सहीचा कागद हातात आल्यावरच दवाखान्याला 23 तारीख पक्की कळवली.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत ज्या कामाला जातात त्यांनी आपापली पुस्तिका आणा. तिन्ही नियमांखाली पेन्सिलने रेघ ओढून ठेवा, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध होणार नाही.